‘जड काम जमणार नाही’ एवढं लिहून भागत नाही: अपंगत्व पेन्शनच्या अर्जासाठी डॉक्टरचं पत्र

दीड वर्षापूर्वी माझ्या टेबलावर एक दाखला आला. त्यावर दोनच ओळी होत्या: ‘रुग्णास कंबरेचा त्रास असून तो जड काम करण्यास असमर्थ आहे. हलके काम करू शकतो.’ खाली सही, शिक्का, तारीख. लिहिणारा डॉक्टर प्रामाणिक होता आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. तरी त्या दाखल्यावर पेन्शनचा अर्ज पुढे सरकत नव्हता, कारण ‘हलके काम करू शकतो’ या चार शब्दांनी अर्जाचा पायाच काढून घेतला होता. हलकं म्हणजे किती किलो, किती वेळ, बसून की उभ्याने, यातलं काहीच कागदावर नव्हतं.

वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडी या पट्ट्यात नव्याने दवाखाना टाकलेल्या डॉक्टरांकडे असं पत्र मागायला माणसं येणारच. काजूचे कारखाने आहेत, मासळीची कोल्ड स्टोरेजं आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी कामगारांचा पीएफ कापला जातो. म्हणून हे लिहितोय. उदाहरण माझ्याच दवाखान्यातलं आहे, मात्र ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

आधी अर्ज कशाचा आहे ते विचारा

‘डॉक्टर, अपंगाचा दाखला द्या’ असं म्हणत माणूस येतो. त्याच्या मनात अनेकदा तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. एक म्हणजे टक्केवारीचं दिव्यांग प्रमाणपत्र. ते सरकारी रुग्णालयातून मिळतं आणि २०१६ च्या कायद्यातल्या बऱ्याच सवलतींसाठी त्यात ४० टक्के लागतात. दुसरं, ईएसआयचा लाभ. कामावर अपघात झाला असेल आणि कामगार ईएसआयमध्ये असेल, तर तो रस्ता धरायचा. तिसरी गोष्ट म्हणजे कर्मचारी निवृत्तीवेतन योजना, १९९५. पीएफमध्ये मालकाच्या हिश्श्यातला ८.३३ टक्के भाग या पेन्शन फंडात जातो, आणि नोकरीत असताना माणूस कायमचा नि पूर्णपणे अकार्यक्षम झाला तर त्याला त्यातून आयुष्यभर पेन्शन मिळू शकते.

मी इथे या तिसऱ्याबद्दलच बोलणार आहे, कारण याची माहिती सगळ्यात कमी आहे. एरवी या पेन्शनसाठी दहा वर्षं सेवा लागते. अपंगत्वाच्या पेन्शनला मात्र फंडात एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरतं. शिवाय इजा कामावरच झाली पाहिजे अशी अट नाही. माझा रुग्ण घरच्या विहिरीवरचा पंप उचलताना कंबरेतून गेला. कामावर काही घडलं नाही म्हणून आपल्याला काहीच मिळणार नाही, असं धरून तो वर्षभर गप्प बसला होता.

रक्कम मोठी नसते. सरासरी पगार १४,००० आणि सेवा ११ वर्षं, तर १४,००० गुणिले ११ भागिले ७०, म्हणजे महिन्याला साधारण २,२०० रुपये. कमीत कमी १,००० मिळतात. गोळ्या आणि एसटीचं भाडं यातून सुटतं.

पत्राने दोन प्रश्नांना उत्तर द्यायचं असतं

निर्णय तुम्ही घेत नाही. अर्जदाराला वैद्यकीय मंडळापुढे जावं लागतं आणि मंडळ ठरवतं. पण मंडळातल्या डॉक्टरांनी या माणसाला कधी पाहिलेलं नसतं. त्यांच्यापुढे तो थोडा वेळ उभा राहणार, आणि बाकीचं त्यांना कागदावरून कळणार. तो कागद तुमचा.

योजनेची भाषा नीट वाचली तर मंडळापुढे दोन प्रश्न असतात. अपंगत्व आलं तेव्हा तो जे काम करत होता, त्यासाठी तो कायमचा आणि पूर्णपणे अनफिट आहे का? हा पहिला. दुसरा व्याख्येत दडलेला आहे आणि जास्त कडक आहे: त्या वेळी जी जी कामं करायची त्याची कुवत होती, ती सगळीच आता त्याच्याने होणार नाहीत का? बहुतेक पत्रं पहिल्याचं अर्धं उत्तर देतात आणि दुसऱ्याला हातच लावत नाहीत.

टक्केवारीने यातलं काहीच सुटत नाही. पाऊल लुळं पडलेल्या हमालाचे टक्के चाळिसाच्या खाली येऊ शकतात आणि तरी तो पोतं उचलू शकत नाही. उलट दोन्ही पाय गेलेला माणूस हिशेबाचं काम छान करत असतो. म्हणून पत्रात टक्के लिहायच्या भानगडीत पडू नका. त्याच्याने काय होतं, किती होतं आणि किती वेळ होतं, ते लिहा.

त्याचं काम समजून घ्या, कारखान्याच्या भाषेत

हा माणूस ४७ वर्षांचा, सातवी शिकलेला, काजूच्या कारखान्यात. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरही डावं पाऊल लुळंच राहिलेलं. कंपनीच्या कागदावर हुद्दा ‘हेल्पर’. हेल्पर म्हणजे काय, ते कागदावरून कोणालाच कळणार नाही. मी त्यालाच विचारलं, सकाळी आत शिरल्यापासून काय काय करतोस? त्याने सांगितलं ते असं. ट्रकमधून काजू-बीची पोती उतरवायची. एक पोतं ऐंशी किलोचं. दोघांनी पाठीवर चढवून द्यायचं, एकाने वाहून न्यायचं. मग बी सुकायला पसरायची, परत गोळा करायची, वाफेवर शिजवायला बॉयलरकडे न्यायची, आणि ट्रे भरलेली ट्रॉली भट्टीपर्यंत ढकलायची. आठ तासांपैकी बसणं फक्त जेवणापुरतं.

हे मी एका कागदावर लिहिलं आणि कंपनीच्या लेटरहेडवर तेवढंच लिहून आणायला त्याला सांगितलं. मुकादमाने सही केली, वर मॅनेजरने. हा कागद पत्राला जोडला की ‘हेल्पर’ या शब्दाला अर्थ येतो.

मग दुसरा प्रश्न. कारखान्यात आणखी कोणती कामं त्याला जमली असती? बी फोडणं आणि गर सोलणं. दोन्ही बसून करायची कामं आहेत. मंडळातला जाणकार माणूस हमखास विचारणार, ‘पोती नको, फोडणीवर बसू दे की याला.’ फोडायच्या यंत्राला पायाने दाबायचं पेडल असतं. इथे मला एक मोह झाला होता तो सांगतो. पाऊल लुळं आहे म्हणजे पेडल दाबता येणार नाही, असं लिहून मोकळं व्हावं, असं वाटलं. पण त्याचा उजवा पाय धडधाकट आहे, पेडल उजव्याने दाबता येईल. तसं लिहिलं असतं तर मंडळाने एका प्रश्नात ते उडवलं असतं आणि त्याबरोबर बाकीच्या पत्रावरचा विश्वासही गेला असता. खरी अडचण बसण्याची होती. ती मोजायला हवी होती.

मोजा. दवाखान्यात जे असेल त्याने मोजा

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. माझ्या दवाखान्याच्या पडवीत दहा मीटरच्या दोन खुणा केलेल्या आहेत, भिंतीवर घड्याळ आहे, आणि दुकानातून आणलेल्या पाच आणि दहा किलो तांदळाच्या पिशव्या आहेत.

बसणं मी त्याला न सांगता मोजलं. त्या दिवशी गर्दी होती, त्याला पन्नास मिनिटं बाकावर थांबावं लागलं. कंपाउंडरला मी लक्ष ठेवायला सांगितलं होतं. अठराव्या मिनिटाला तो उठला, भिंतीला टेकून उभा राहिला, पुन्हा बसला, आणि मग वीस मिनिटांनी परत उठला. माणसाला ‘किती वेळ बसू शकतोस?’ असं विचारलं की तो अंदाजाने काहीतरी सांगतो. बाक खरं सांगतो.

सहा मिनिटांत तो १४० मीटर चालला, दोनदा थांबून. पावलाचा पट्टा न बांधता चालवलं तेव्हा डाव्या पायाची बोटं चार वेळा फरशीला अडली. पाच किलोची पिशवी टेबलावरून उचलली, पण तीच जमिनीवरून उचलायला वाकता आलं नाही. दहा किलोची टेबलावरून उचलताना अर्ध्यात सोडली. उभं राहणं बारा मिनिटं, त्यानंतर टेकू लागतो.

चालताना मला त्याच्या चपला दिसल्या. उजवी ठीकठाक, डावीचा पुढचा भाग घासून कागदासारखा झालेला. विचारलं तर म्हणाला, ‘डाक्टर, चप्पल खंय पडली ता माका कळणाच नाय. मागसून कोणतरी हाक मारता.’ हे वाक्य मी तसंच्या तसं नोंदवलं. पाऊल उचलत नाही आणि तळव्याला संवेदना नाही, या दोन्ही गोष्टी त्यात आल्या. शिवाय ही सोंग आणायची गोष्ट नाही, कारण तशी झीज व्हायला महिने जातात.

औषधांचंही विचारा. नसेच्या दुखण्यासाठी तो प्रिगॅबालिन घेतो, त्याने दुपारी गुंगी येते. घरी ती चालते, वाफेच्या बॉयलरजवळ चालत नाही.

आता लिहा

माझं पत्र दीड पानाचं असतं. आधी निदान, तीन ओळींत. मग तपासणीत काय सापडलं. मग काम आणि मर्यादा एकमेकांसमोर. शेवटी कायमस्वरूपी आहे का आणि कधीपासून. स्वतः पाहिलेलं आणि रुग्णाने सांगितलेलं वेगळं ठेवायचं, एका वाक्यात मिसळायचं नाही. या पत्राचा मधला भाग असा होता:

> ‘डाव्या घोट्यातून पाऊल वर उचलण्याची ताकद पाचपैकी एक आहे, म्हणजे स्नायू फक्त फुरफुरतो, पाऊल हलत नाही. २० मार्च २०२४ आणि १८ सप्टेंबर २०२४ या दोन्ही तपासण्यांत हीच ताकद आढळली.
>
> मी स्वतः पाहिले: सलग बसणे १८ ते २० मिनिटे. सलग उभे राहणे १२ मिनिटे. सहा मिनिटांत १४० मीटर चालणे, दोन थांब्यांसह. टेबलाच्या उंचीवरून ५ किलो उचलता येते, १० किलो नाही. जमिनीवरून काहीही उचलता येत नाही.
>
> रुग्ण सांगतो: थोडे जास्त चालणे झाले की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पडून राहावे लागते. असे आठवड्यातून साधारण दोनदा होते.
>
> त्याच्या कामात ८० किलोची पोती पाठीवरून वाहणे आणि पाळीचा बहुतेक वेळ उभे राहणे आहे. हे काम तो करू शकत नाही. कारखान्यातील बसून करायची कामे (फोडणी, सोलणी) यांत हातांची आणि उजव्या पायाची अडचण नाही, परंतु दर २० मिनिटांनी उठावे लागत असल्याने आणि आठवड्यातील काही दिवस पडून काढावे लागत असल्याने ती कामेही तो पाळीभर, नियमितपणे करू शकत नाही.’

‘हातांची आणि उजव्या पायाची अडचण नाही’ हे मी मुद्दाम लिहिलंय. ज्या पत्रात रुग्णाला काहीच जमत नाही, त्यावर मंडळ विश्वास ठेवत नाही, आणि ठेवू नये. हा माणूस स्वतः आंघोळ करतो, भाजी चिरतो, नातवाला मांडीवर घेऊन बसतो. कोणी त्याला पाहिलं तर पत्रातला माणूस आणि ओटीवरचा माणूस एकच दिसला पाहिजे.

काही शब्द मी पत्रातून हद्दपार केलेत. ‘जड काम’, ‘हलके काम’, ‘विश्रांतीचा सल्ला’, ‘जास्त वेळ’. प्रत्येकाच्या जागी किलो किंवा मिनिटं. ‘वेदना तीव्र आहेत’ याचाही उपयोग नाही. वेदनेमुळे काय थांबतं, ते लिहिलं की झालं.

कायमचं कधी म्हणायचं, आणि तारीख कुठली

घाई करू नका. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर पावलाची ताकद कित्येक महिने हळूहळू परत येऊ शकते. तिसऱ्या महिन्यात ‘कायमचे’ लिहिलंत तर ते वैद्यकीयदृष्ट्याही चूक आणि मंडळापुढेही टिकणार नाही. याची शस्त्रक्रिया ४ ऑगस्ट २०२३ ला झाली होती. मी वर्ष उलटू दिलं, मध्ये सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा ताकद तपासली, दुसऱ्यांदा नसेची तपासणी करून घेतली, आणि मगच ‘यापुढे सुधारण्याची वाजवी शक्यता नाही’ असं लिहिलं. सोबत कारणही दिलं: तेरा महिन्यांत ताकद एकापासून हललेली नाही आणि नसेच्या तपासणीत पुन्हा जोडणी होत असल्याची खूण नाही.

तारखेला इथे पैशाचं वजन आहे. पेन्शन अपंगत्व आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते. म्हणून पत्रात एकच गोळाबेरीज तारीख न घालता क्रम लिहावा: १२ जुलै २०२३ हा शेवटचा कामाचा दिवस, १३ जुलैला पाऊल लुळं पडलं, त्यानंतर एकदाही पूर्ववत झालं नाही, आणि ते कायमचं असल्याचं १८ सप्टेंबर २०२४ ला निश्चित झालं. कुठली तारीख धरायची ते पुढे ठरेल, पण पाऊल पहिल्या दिवसापासून गेलं होतं, हे तुमच्या पत्रात असायलाच हवं.

याला लागूनच एक गोष्ट रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगा, ती डॉक्टरकीची नसली तरी. अपंगत्व नोकरीत असताना आलेलं असलं पाहिजे. काही माणसं आजारी पडली की शरमेपोटी ‘घरगुती कारणास्तव’ असा राजीनामा देऊन मोकळी होतात. मग पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख एक आणि तुमच्या पत्रात आजाराची तारीख त्याच्या नंतरची, असं झालं की सगळंच अडतं. माझा रुग्ण नशिबाने बिनपगारी रजेवर होता, नाव हजेरीपटावर होतं.

जुने कागद तुमच्या पत्राशी भांडतात का ते बघा

पत्रावर सही करायच्या आधी पूर्ण फाइल वाचून काढा. याच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं होतं, ‘रुग्ण वेदनारहित, आधाराविना चालतो, प्रकृती समाधानकारक.’ त्या दिवशी तो वॉकर धरून संडासापर्यंत गेला होता. असं वाक्य बऱ्याचदा आधीच्या रुग्णाच्या कार्डावरून तसंच उतरतं. त्यात वाईट हेतू नसतो, पण मंडळाच्या हातात तो कागद आधी पडतो.

असा कागद लपवू नका, तो कुठूनतरी येतोच. पत्रात त्याचा उल्लेख करा: ‘डिस्चार्ज कार्डात आधाराविना चालत असल्याची नोंद आहे. त्याच रुग्णालयाच्या फिजिओथेरपीच्या त्याच आठवड्यातील नोंदीत वॉकरने वीस पावले असे लिहिले आहे. माझ्या तपासणीत आढळलेली स्थिती वरीलप्रमाणे.’ एवढं पुरतं. फिजिओच्या नोंदी मिळत नसतील तर रुग्णाने लेखी मागाव्यात. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यायची असतात.

मघाचा तो ‘हलके काम करू शकतो’वाला दाखलाही फाइलमध्ये होताच. मी त्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ‘मी घरातल्या कामाबद्दल लिहिलं होतं हो.’ त्यांनी तेवढंच खुलाशादाखल एका ओळीत लिहून दिलं. जुनी तारीख घालून नवीन दाखला मात्र त्यांच्याकडून कधीही मागू नका, आणि तुमच्याकडे कोणी मागितला तर देऊ नका. खोट्या दाखल्यावर सही केली तर नोंदणी जाऊ शकते.

सही, अंगठा, नोंदवही

त्याच नियमांत आणखी काही गोष्टी आहेत, ज्या घाईत राहून जातात. दाखल्यावर तुमचा नोंदणी क्रमांक हवा. रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता आणि शरीरावरची एक तरी ओळखीची खूण हवी. प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे आणि दाखल्यांच्या नोंदवहीत नोंद झाली पाहिजे. मंडळापुढे पत्र जायला कधी कधी महिने लागतात, आणि फोन आला की तुम्हाला त्या वहीतूनच बोलायचं असतं.

पत्र मी इंग्रजीत देतो, पण सही करण्याआधी रुग्णाला ते मराठीत वाचून दाखवतो. यात तुझी कोणती माहिती बाहेर जातेय ते त्याला कळलं पाहिजे. याने ऐकताना एक चूक काढली. मी पोती ‘डोक्यावरून’ असं लिहिलं होतं. ‘डोक्यार नाय, पाठीर,’ तो म्हणाला.

मंडळाच्या दिवशी

पेन्शनच्या अर्जाचा फॉर्म १०-डी कंपनीमार्फत गेला की मंडळाची तारीख येते. रुग्णाला एवढंच सांगा: रोज जसा चालतोस तसाच चाल. पट्टा बांधतोस तर बांधूनच जा, आणि सोडायला सांगितला तर सोड. विचारलं तेवढ्याचंच उत्तर दे. एमआरआयच्या फिल्म, नसेची तपासणी, कंपनीचं कामाचं पत्र आणि तुमचं पत्र एकाच पिशवीत, तारखेप्रमाणे लावलेलं. आणि रोजच्या वापरातल्याच चपला घालून जा. अशा दिवशी घरातली माणसं हटकून नवीन जोड घेऊन देतात.

अर्ज परत आला तर कारण लेखी मागायला सांगा. मग तुमचं पुरवणी पत्र एका पानाचं आणि फक्त त्या कारणापुरतं हवं. ‘बसून काम शक्य’ असं कारण आलं, तर पुन्हा बसण्याचीच मोजणी करा, या वेळी दोन वेगळ्या दिवशी, आणि तारखा घालून पाठवा. पहिलं पत्र सगळं पुन्हा लिहून काढू नका. दोन पत्रांत एक जरी आकडा वेगळा पडला तर त्यावरच बोट ठेवलं जातं.